बुलेट चार्ट: टार्गेट हुकलंय, तरी चार्टवर गाठल्यासारखं दिसतंय

हिशोबनीस

चार डेपोंची जानेवारी ते मार्च तिमाहीतली कृषिपंपांची विक्री टार्गेटसमोर मांडायची आहे. मागे राखाडी छटांचे पट्टे, त्यावर विक्रीचा बारीक बार आणि टार्गेटला एक आडवी रेघ, असा बुलेट चार्ट हवा. एक्सेल २०१९ आहे. आकडे लाखांत. खरे देता येत नाहीत, पण साधारण असे धरा:

| डेपो | टार्गेट | विक्री |
|---|---|---|
| कोल्हापूर | ६० | ५४ |
| सांगली | ४५ | ४८.५ |
| सातारा | ४० | २७ |
| सोलापूर | ५० | ४६ |

टार्गेटच्या ७० टक्क्यांपर्यंत कमकुवत, ७० ते ९० बरी, ९० ते १२० चांगली असं ठरलंय. म्हणून कोल्हापूरच्या ओळीत ४२, ५४, ७२ टाकले, पुढे विक्री आणि टार्गेट, आणि सगळं निवडून `Stacked Column` काढला. आधी तर खाली डेपोंऐवजी रकान्यांची नावं आली. ते `Switch Row/Column` ने सुटलं. पण अक्ष ३०० पर्यंत गेलाय आणि विक्री पट्ट्यांच्या डोक्यावर आणखी एक खोकं होऊन बसलीय. कुठे चुकतंय?

तांबडा_रस्सा

एवढी उठाठेव कशाला? प्रत्येक डेपोला एक मीटर लावा, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा. डोनट चार्ट अर्धा लपवायचा आणि पायची एक बारीक फाक काटा म्हणून ठेवायची. लाल, पिवळा, हिरवा. साहेबांना लगेच कळतं.

चौकट

@तांबडा_रस्सा, चार मीटर लावले की स्लाइड भरली, आणि सांगली-सोलापूरमध्ये कोण पुढे हे सांगायला दोन काट्यांचे कोन डोळ्यांनी मोजत बसायचं. डॅशबोर्डवरच्या या मीटरांना पर्याय म्हणूनच तर स्टीफन फ्यूने बुलेट ग्राफ काढला. सरळ लांबी एकाखाली एक किंवा शेजारी शेजारी ठेवली की फरक झटकन दिसतो.

@हिशोबनीस, पट्ट्यांच्या रकान्यांत तुम्ही हद्दी टाकल्यात. स्टॅकला हद्द कळत नाही, त्याला फक्त थरांची जाडी कळते. कोल्हापूरला ४२ वर ५४ ठेवले, त्यावर ७२, मग विक्रीचे ५४ आणि टार्गेटचे ६०. बेरीज २८२, म्हणून अक्ष ३००. पहिल्या हद्दीनंतर प्रत्येक वेळी फक्त वाढीव भाग द्यायचा: ४२, मग १२, मग १८. हाताने लिहू नका, टार्गेट बदललं की सगळं पुन्हा लिहावं लागेल. डेपो A रकान्यात, पट्टे B ते D, विक्री E, टार्गेट F असं धरून दुसऱ्या ओळीत:

```
B2:  =F2*0.7
C2:  =F2*0.9-B2
D2:  =F2*1.2-B2-C2
```

आणि खाली ओढा. साताऱ्याला २८, ८, १२ आले पाहिजेत. तिघांची बेरीज टार्गेटच्या १.२ पट, म्हणजे ४८. ही बेरीज जुळली की पट्टे बरोबर.

रकान्यांची नावं खाली येण्याचं कारण साधं आहे. निवडीत ओळींपेक्षा रकाने जास्त असले की एक्सेल ओळींना मालिका समजतं. तुमच्याकडे डेपो चार आणि आकड्यांचे रकाने पाच. सहावा डेपो आला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

आता चार्टवर उजवी क्लिक, `Change Chart Type`, तिथे तळाशी `Combo`. तिन्ही पट्टे `Stacked Column` राहू देत. विक्रीला `Clustered Column` आणि समोरच्या `Secondary Axis` ला टिचकी. टार्गेटला `Line with Markers`. सगळं एकाच खिडकीत करा. एकेक मालिका बाहेरून बदलायला गेलं की मधल्या अवस्थेत चार्ट इतका विचित्र दिसतो की माणूस घाबरून `Undo` करत सुटतो.

हिशोबनीस

जमलं! पट्टे आता ७२ पर्यंतच. टार्गेटच्या मालिकेची जोडरेघ `No line` केली आणि खूण म्हणून आडवी डॅश ठेवली. विक्रीचा बार पट्ट्यांच्या पुढे आला.

पण आता नवीनच. कोल्हापूरची विक्री ५४, टार्गेट ६०, आणि बार टार्गेटच्या रेघेच्या वर गेलाय. आकडे तीनदा तपासले.

रविवारची_सुट्टी

उजव्या बाजूला दुसरा अक्ष आला असेल, तोच घोळ करतोय. तो निवडा, `Format Axis` मध्ये `Labels` खाली `Label Position` ला `None` द्या. अक्ष गेला की विषय संपला.

हिशोबनीस

@रविवारची_सुट्टी, केलं. आकडे गेले, बार तिथेच.

चौकट

रविवार यांनी रोग बरोबर ओळखला, औषध चुकलं. लेबलं लपवली तरी अक्ष मागे जिवंत असतो आणि आपल्याच मापाने बार काढत राहतो. उलट आता जास्त वाईट, कारण चूक पकडायला आकडेही उरले नाहीत.

होतंय ते असं. डावा अक्ष पट्ट्यांकडे बघून कमाल ठरवतो. सर्वांत उंच पट्टा ७२, म्हणून ८०. उजवा अक्ष फक्त विक्रीकडे बघतो. सर्वांत मोठी विक्री ५४, म्हणून ६०. टार्गेटची रेघ डाव्या अक्षावर आहे, तिचे ६० हे ८० पैकी, म्हणजे चार्टच्या पाऊण उंचीवर. विक्रीचे ५४ मात्र ६० पैकी, म्हणजे नऊ दशांश उंचीवर. हुकलेलं टार्गेट गाठल्यासारखं दिसतं ते इथे. दोन्ही कमाल मर्यादा योगायोगाने सारख्या निघाल्या तर ही चूक दिसतही नाही. मग एखाद्या तिमाहीत आकडे बदलतात आणि चार्ट गुपचूप खोटं बोलायला लागतो.

`Labels` परत दाखवा, उजवा अक्ष निवडा आणि कीबोर्डवरचं `Delete` दाबा. अक्ष खरोखर काढून टाकला की विक्रीची मालिका सेकंडरी गटातच राहते, म्हणजे तिची जाडी पट्ट्यांपेक्षा वेगळी ठेवता येते, पण माप मात्र डाव्या अक्षाचं घेते. आपल्याला नेमकं हेच हवंय.

काहीजण दोन्ही अक्षांची कमाल हाताने ८० करतात. आजच्यापुरतं चालतं. पुढच्या तिमाहीत टार्गेट ७५ झालं की पट्टा ९० वर जाईल आणि ८० ला कापला जाईल.

नीरा

खात्री करायला तुमच्याच आकड्यांत एक सोय आहे. कोल्हापूरची विक्री ५४ म्हणजे टार्गेटच्या बरोबर ९० टक्के. बारचं टोक मधला आणि वरचा पट्टा जिथे मिळतात त्या सांध्यावर अगदी टेकलं पाहिजे. केसभर वर किंवा खाली दिसलं तर अक्ष अजून दोन आहेत असं समजा. एरवी एखाद्या डेपोची विक्री तात्पुरती टार्गेटएवढी करून बघायची आणि मग परत बदलायची.

हिशोबनीस

`Delete` केलं. कोल्हापूर सांध्यावर टेकलं. 🙏

दोन शंका उरल्या. सांगलीच्या टार्गेटची रेघ बारमागे गेलीय, दोन्ही बाजूंना फक्त टोकं दिसतात. आणि बार किती जाड ठेवायचा? सध्या पट्ट्याएवढाच आहे, त्यामुळे पट्टे नुसते वरून डोकावतात.

चौकट

रेघ मागे जाते कारण सेकंडरी गटातलं सगळं प्रायमरीच्या वर रंगवलं जातं. सांगलीने टार्गेट ओलांडलंय म्हणून तिथेच दिसतं, बाकी तिघांचे बार रेघेपर्यंत पोचलेच नाहीत. `Change Chart Type` मध्ये जाऊन टार्गेटलाही `Secondary Axis` द्या. एकाच गटात रेघ नेहमी कॉलमच्या पुढे असते. हे करताना उजवा अक्ष पुन्हा उगवला तर पुन्हा `Delete`. हे विसरू नका, कारण आता टार्गेट आणि विक्री दोन्ही उजवीकडे असतील, एकमेकांच्या तुलनेत बरोबर दिसतील आणि चुकतील फक्त पट्टे. ती चूक पकडायला जास्त अवघड. नीरा यांची सांध्याची खूण तिथेच कामाला येते.

जाडीचं गणित `Gap Width` वर आहे. पट्ट्यावर क्लिक करून `Format Data Series`, तिथे पट्ट्यांना ५० टक्के. बारला, त्याच्यावर वेगळं क्लिक करून, ३५० टक्के. म्हणजे प्रत्येक डेपोच्या वाट्याच्या जागेतला दोन तृतीयांश भाग पट्टा घेतो आणि बार त्या पट्ट्याच्या एक तृतीयांश जाडीचा होतो. याहून जाड केला तर छटा झाकल्या जातात, फार बारीक केला तर तो टार्गेटच्या रेघेचाच भाऊ वाटतो. टार्गेटची रेघ पट्ट्याच्या साधारण ६० टक्के रुंदीची असावी: बारच्या दोन्ही बाजूंना बाहेर येईल, पण पट्ट्याच्या कडेला लागणार नाही.

रंग एकाच कुळातले घ्या. कमकुवत पट्टा सर्वांत गडद, चांगला सर्वांत फिका. तीन पट्ट्यांना RGB १५३, १९१ आणि २३० हे राखाडी छान बसतात (तिन्ही खान्यांत तोच आकडा). बार जवळजवळ काळा किंवा गडद निळा. टार्गेटची रेघ काळी.

तांबडा_रस्सा

सगळं राखाडी म्हणजे शोकसभा. लाल-पिवळा-हिरवा हे सगळ्यांना पाठ आहे. सिग्नल कुणाला शिकवावा लागतो का?

नीरा

सिग्नलला दिव्याची जागाही ठरलेली असते, नुसत्या रंगावर कुणी गाडी थांबवत नाही. लाल-हिरवं ज्यांना वेगळं दिसत नाही अशी माणसं पुरुषांमध्ये बरीच असतात. शिवाय ऑफिसातला प्रिंटर काळा-पांढरा असेल तर भडक लाल आणि गडद हिरवा जवळजवळ एकाच करड्या रंगात येतात. आणि पट्टा भडक झाला की नजर पट्ट्यावर जाते, बारवर नाही. बातमी बारमध्ये आहे.

तांबडा_रस्सा

माझ्या साहेबांना राखाडी दाखवलं तर विचारतील, रंग संपले का?

चौकट

मग पट्टे राखाडीच ठेवा आणि फक्त ७० टक्क्यांखालच्या डेपोच्या नावापुढे लाल ठिपका द्या. चारांत एकच लाल असेल तर तो दिसतो.

वसुली_विभाग

माझा प्रश्न थोडा वेगळा. विक्री नाही, थकबाकी. टार्गेट म्हणजे "यापेक्षा जास्त थकबाकी नको". एका शाखेला मर्यादा २० लाख, प्रत्यक्षात २६. वरच्या पद्धतीने केलं तर २६ वाली शाखा सर्वांत फिक्या, म्हणजे "चांगल्या" पट्ट्याच्याही वर चढून बसते. पट्टे उलटे लावायचे की अक्ष उलटा करायचा?

चौकट

पट्ट्यांच्या छटा उलट्या करा, अक्ष राहू द्या. खालचा पट्टा फिका, वरचा गडद. २० लाखांच्या मर्यादेसाठी समजा २० पर्यंत ठीक, २४ पर्यंत सावध, ३० पर्यंत वाईट असं ठरवलं तर थर २०, ४ आणि ६. प्रत्यक्षातले २६ आपोआप गडद भागात जातील. अक्ष उलटा करायला `Values in reverse order` आहे, पण मग बार वरून खाली लोंबतात आणि बघणारा आधी तेच विचारतो. मात्र विक्री आणि थकबाकी एकाच पानावर ठेवू नका. एकीकडे गडद खाली आणि दुसरीकडे गडद वर, असं झालं की वाचणारा गोंधळणारच. ठेवावंच लागलं तर दोन्हींमध्ये मोकळी जागा आणि थकबाकीच्या शीर्षकात "कमी तितकं चांगलं" असं स्पष्ट लिहा.

वसुली_विभाग

२०, ४, ६ टाकून बघितलं, बसतंय. मर्यादेची रेघ पट्ट्याच्या सांध्यावरच येतेय, त्यामुळे वेगळी उठून दिसत नाही, पण चालेल.

रविवारची_सुट्टी

एवढं करण्यापेक्षा टॅब्लो वापरा. `Show Me` मध्ये बुलेट ग्राफ तयार आहे, विक्री आणि टार्गेट निवडलं की दोन सेकंदांत. पट्टेही तोच लावतो, ६० आणि ८० टक्क्यांवर. म्हणजे हेच प्रमाण मानक असणार, तुमचं ७०-९० कुठून आलं?

नीरा

मानक वगैरे काही नाही, तो टॅब्लोचा डिफॉल्ट आहे. अक्षावर उजवी क्लिक करून `Edit Reference Line` मध्ये ६०,८० च्या जागी ७०,९० लिहिता येतं. पट्टे कुठे कापायचे हे विक्रीची धोरणं ठरवणाऱ्याने सांगायचं, सॉफ्टवेअरने नाही. आणि टॅब्लोत त्याहून मोठी गंमत म्हणजे कोणता आकडा बार आणि कोणता रेघ हे तोच ठरवतो. बऱ्याचदा टार्गेटचा बार होतो आणि विक्रीची रेघ. बार सगळे गोल गोल आकड्यांवर, ६०, ४५, ४०, ५० वर थांबलेले दिसले की समजायचं उलटं झालंय. अक्षावरच उजवी क्लिक करून `Swap Reference Line Fields`.

रविवारची_सुट्टी

माझं उलटंच निघालं. 😅 दोन महिने तसंच चाललं होतं.

हिशोबनीस

एक्सेलवर परत येतो. रेघ `Marker Options` मध्ये आकार २० करून छान बसली होती. चार्ट पॉवरपॉइंटमध्ये नेऊन मोठा केला तर पट्टे रुंद झाले, रेघ मात्र तेवढीच राहिली. आता ती बारच्या बाहेर जेमतेम येते.

चौकट

खुणेचा आकार पॉइंटमध्ये असतो, चार्टबरोबर वाढत नाही. एकदाच छापायचं असेल तर आकार बदला आणि सोडून द्या. दर तिमाहीला वेगवेगळ्या मापात जाणार असेल तर रेघ दुसऱ्या पद्धतीने काढा.

टार्गेटच्या मालिकेचा प्रकार `Line` ऐवजी `Scatter` करा. कॉलम चार्टसोबत असलेल्या स्कॅटरला पहिला डेपो १, दुसरा २ अशी जागा मिळते, म्हणून X चे आकडे वेगळे द्यावे लागत नाहीत. मग त्या मालिकेला `Error Bars` लावा. एक्सेल उभे आणि आडवे दोन्ही टाकतं. उभे निवडून `Delete`. आडव्यांना `Both`, `No Cap`, आणि `Fixed value` मध्ये 0.2. रेघेची जाडी ३ पॉइंट, मूळ खूण `None`. हे ०.२ डेपोच्या जागेच्या प्रमाणात आहेत. दोन्ही बाजू मिळून ०.४, पट्टा दोन तृतीयांश, म्हणून रेघ पट्ट्याच्या ६० टक्के. चार्ट कितीही ताणा, प्रमाण तेच. प्रकार बदलल्यावर उजवा अक्ष पुन्हा आलाय का ते बघा. आला असेल तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

नीरा

मी आडवे बुलेट चार्ट करते, डेपोंची नावं डावीकडे सरळ वाचता येतात म्हणून. पण आडव्यात वरची युक्ती तशीच्या तशी चालत नाही. पट्टे `Stacked Bar` आणि टार्गेट `Line` असं जोडलं तर रेघ स्वतःच्या मनाने उभ्या दिशेने मोजायला लागते, एक्सेलमध्ये आडवी `Line` नाहीच. म्हणून टार्गेट आणि विक्री दोन्ही `Scatter`: X मध्ये आकडा, Y मध्ये खालच्या डेपोपासून 0.5, 1.5, 2.5, 3.5, आणि उजव्या उभ्या अक्षाची मर्यादा ० ते ४. टार्गेटला उभा एरर बार 0.2. विक्रीला आडवा एरर बार, दिशा `Minus`, `Percentage` 100, जाडी १० पॉइंट, म्हणजे बिंदूपासून शून्यापर्यंत जाड रेघ निघते आणि तोच बार. इथे उजवा अक्ष मात्र `Delete` करायचा नाही, कारण Y चं माप त्याच्यावरच आहे. त्याची फक्त लेबलं लपवायची. वरच्या सल्ल्याच्या बरोबर उलट, त्यामुळे दोन्ही पद्धती एका फाइलमध्ये मिसळू नका.

आडव्यात तक्त्यातली पहिली ओळ तळाशी जाते. `Categories in reverse order` च्या भानगडीत पडण्यापेक्षा तक्ताच उलट्या क्रमाने लिहिते, स्कॅटरचे Y जागेवर राहतात.

चौकट

चार डेपोंना उभाच बरा, असं माझं मत. दहा-बारा झाले आणि नावं तिरकी व्हायला लागली की आडवा. नीरा यांच्या पद्धतीत बारची जाडी पॉइंटमध्ये आहे, म्हणजे मोठा केल्यावर हिशोबनीसांचीच अडचण पुन्हा.

नीरा

मान्य. मी स्लाइडवर चार्ट ताणतच नाही, एक्सेलमध्येच हव्या त्या मापाचा करून घेते.

हिशोबनीस

साहेबांनी बघितलं आणि म्हणाले सगळं टक्क्यांत आणा, सगळ्यांचं टार्गेट १०० धरून. मग पट्टे सगळीकडे ७०, २०, ३० आणि रेघा एका ओळीत. करू का?

रविवारची_सुट्टी

अर्थात. तुलना करायची तर टक्केच. लाखात सातारा उगाच छोटा दिसतो.

चौकट

प्रश्न काय आहे त्यावर आहे. टक्क्यांत कोल्हापूर ९०, सोलापूर ९२, सातारा ६७.५, सांगली १०७.८. कोण आपल्या टार्गेटच्या किती जवळ, हे स्वच्छ दिसतं. पण कोल्हापूर सहा लाख मागे आणि सोलापूर चार लाख मागे हे गायब होतं. पैशांची तूट बघायची असेल तर लाख ठेवा. डेपो लहान-मोठे असताना व्यवस्थापकांची कामगिरी तोलायची असेल तर टक्के. दोन्ही हवं असेल तर चार्ट टक्क्यांत, आणि डेपोच्या नावातच लाखांचा आकडा जोडा:

```
=A2&" ("&TEXT(E2,"0.0")&" / "&TEXT(F2,"0")&")"
```

ही नावं वेगळ्या रकान्यात ठेवून चार्टच्या `Horizontal Axis Labels` ला तो रकाना द्या.

एक धोका दोन्हीकडे आहे. पट्टे १२० टक्क्यांवर संपतात. सांगलीने १३० टक्के केले तर बार पट्ट्यांच्या बाहेर पांढऱ्यात जाईल. चुकीचं काही नाही, पण बघणाऱ्याला चार्ट फाटल्यासारखा वाटतो. सगळ्यांत जास्त विक्री १२० ओलांडत असेल तर शेवटच्या पट्ट्याचा 1.2 बदलून सर्व डेपोंना सारखाच 1.4 करा. फक्त सांगलीला लांब पट्टा दिला तर तिचं टार्गेट मोठं असल्याचा भास होतो.

नीरा

टक्क्यांवर माझा आक्षेप वेगळा आहे. रेघा सगळ्या १०० वर एका ओळीत आल्या की वेगळ्या रेघांची गरजच काय? एक आडवी रेघ ओढा, झाला साधा बार चार्ट. बुलेटचा फायदा प्रत्येकाचं टार्गेट वेगळं असताना.

चौकट

पट्टे तरी राहतातच ना. पण हो, निम्मी मेहनत वाया जाते हे खरं.

वसुली_विभाग

तिमाही अर्धी झाल्यावर हा चार्ट काढला तर? पंधरा फेब्रुवारीला सगळेच गडद पट्ट्यात असणार.

चौकट

असणारच, पूर्ण तिमाहीच्या टार्गेटसमोर अर्ध्या तिमाहीची विक्री ठेवली की. टार्गेट आजपर्यंतचं करून घ्यावं लागतं. दिवसांवर वाटणं सोपं: १५ फेब्रुवारीपर्यंत ४६ दिवस, तिमाही ९० दिवसांची, कोल्हापूरला ६० गुणिले ४६ भागिले ९०, म्हणजे साधारण ३०.७ लाख.

नीरा

कृषिपंपांना दिवसांवर वाटू नका. उन्हाळा जवळ येतो तशी मागणी चढते, मार्च जानेवारीसारखा नसतो. दिवसांवर वाटलं तर फेब्रुवारीत सगळे मागे दिसतील आणि मार्चअखेर अचानक सगळे पुढे. मागच्या दोन-तीन वर्षांत त्या तारखेपर्यंत तिमाहीच्या विक्रीचा किती भाग झाला होता तो काढा आणि त्या टक्क्याने टार्गेट कापा.

चौकट

एखाद्या वर्षी पाऊस लांबला की तो टक्काच फसतो. दोन-तीन वर्षांची सरासरी त्यासाठी फार थोडी. मी दिवसांचंच ठेवेन आणि खाली तसं लिहीन, निदान कसं काढलं ते सगळ्यांना कळतं.

नीरा

चुकीचं कसं काढलं ते कळून काय उपयोग? असो.

हिशोबनीस

लाखातच ठेवतोय, टक्के नावात जोडले. पाचवा डेपो कराड सुरू होतोय, त्याचं टार्गेट अजून ठरलेलं नाही. F मध्ये `IF` लावून रिकामं `""` ठेवलं तर रेघ शून्यावर येतेय.

चौकट

`""` हा एक्सेलला मजकूर वाटतो आणि चार्टमध्ये त्याचा शून्य होतो. त्या जागी `NA()` द्या, रेघ निघणार नाही. पण मग B ते D मध्येही `#N/A` येईल, म्हणजे कराडला पट्टे नाहीत, नुसता विक्रीचा बार. टार्गेट नसताना ते बरोबरच आहे. त्याच्या नावापुढे "टार्गेट बाकी" लिहा.

हिशोबनीस

झालं. आता एकच. कोल्हापूर बरोबर ५४ वर, सांध्यावर. साहेब विचारतायत "बरी" की "चांगली"?

चौकट

चार्ट ते सांगणार नाही. ९० टक्के हा आकडा कोणत्या पट्ट्यात धरायचा हे तुमच्या नियमात लिहिलंय का? नसेल तर आधी ते लिहून घ्या. चार्टवर तोवर "९०%" एवढाच आकडा छापा.

तांबडा_रस्सा

लाल-पिवळं असतं तर हा प्रश्न आला नसता.

नीरा

आला असता. पिवळं की हिरवं, असा.